खर्च कधी झाला आणि पैसे कधी गेले: एका पोळीभाजी केंद्राचा मार्च महिना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही परवा रात्री तपासली. मामीच्या पोळीभाजी केंद्राचा मार्च २०२५ चा हिशोब तू मांडलास, शेवटी लाल शाईनं 'तोटा २४,८००' असं लिहिलंस आणि खाली बारीक अक्षरात मला विचारलंस, "सर, मामीनं केंद्र बंद करावं का?"

बंद करू नये. मार्चमध्ये मामीला २६,२०० रुपये नफा झाला आहे.

तुझी बेरीज बरोबर आहे, ती मी दोनदा पडताळली. घोटाळा बेरजेच्या आधी झाला. मार्च महिन्यात मामीच्या हातून किंवा बँकेतून जेवढे पैसे गेले, ते सगळे तू खर्चाच्या बाजूला मांडलेस. आणि ज्याचे पैसे मार्चमध्ये गेले नाहीत, ते तुझ्या वहीत कुठेच आलं नाही. वर्गात हे सांगायला तास पुरणार नाही, म्हणून पत्र लिहितोय. वही शेजारी उघडून ठेव.

यात तुझा एकटीचा दोष नाही, आपल्या भाषेचाही थोडा आहे. आपण बाजारातून आलो की घरचे विचारतात, "किती खर्च झाला?" त्यांना विचारायचं असतं की पाकिटातून किती गेले. घरातला जमाखर्चही तसाच: आले ते जमा, गेले तो खर्च. घरासाठी ते चालतं. लेखाशास्त्रात मात्र हाच शब्द दुसऱ्या अर्थानं येतो. तिथे खर्च म्हणजे त्या काळात धंद्यासाठी जे वापरलं गेलं, संपलं, किंवा ज्याची सेवा घेऊन झाली, त्याची किंमत. पैसे देण्याला आपल्या पाठ्यपुस्तकात 'शोधन' हा शब्द आहे. बारावीला संस्थांच्या हिशोबात 'प्राप्ती व शोधन खाते' वेगळं आणि 'उत्पन्न-खर्च खाते' वेगळं का असतं, याचं उत्तर इथेच आहे. त्यात भर म्हणून पुस्तकानं 'भांडवली खर्च' अशीही एक संज्ञा दिली आहे, आणि तो भांडवली खर्च नफा-तोटा खात्यात खर्च म्हणून जातच नाही! ज्यानं हे नाव ठेवलं त्याला विद्यार्थ्यांची दया आली नसावी.

आता मामीचा महिना पुन्हा मांडू. मार्चची विक्री १,१०,००० रुपये, सगळी रोख किंवा यूपीआयनं आलेली, उधारी नाही. त्यामुळे जमेच्या बाजूची काळजी नको.

पहिली पायरी अशी: मार्चमध्ये दिलेल्या प्रत्येक रकमेपुढे एकच प्रश्न लिही, "या पैशांनी जे मिळालं, ते कधी वापरलं गेलं?" पैसे कधी दिले हे क्षणभर विसर. उत्तर 'मार्चमध्ये' आलं तर तो मार्चचा खर्च. 'मार्चच्या आधी' आलं तर ते जुनं देणं फेडलं. 'मार्चनंतर' आलं तर अजून काहीतरी हातात शिल्लक आहे, ती मालमत्ता. आणि 'धंद्यासाठी वापरलंच नाही' असं आलं तर तो धंद्याचा विषयच नाही.

सोप्यापासून सुरू कर. भाडं: ५ मार्चला ९,००० दिले, मार्च महिन्याचेच. जागा मार्चमध्ये वापरली. इथे खर्च आणि शोधन एकाच महिन्यात आले, रक्कमही एकच. भाजी, कोथिंबीर, लिंबं रोजच्या रोज रोखीनं आणली, २१,००० ची, आणि रोजच्या रोज संपली. तीही तशीच. नवशिक्याची फसगत या दोन उदाहरणांनीच होते, कारण त्यांत दोन गोष्टी इतक्या चिकटून येतात की त्या दोन आहेत हेच दिसत नाही.

आता पगार. तू लिहिलंस, '७ मार्च, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार १८,०००'. हा पगार कुठल्या महिन्याचा, हे मामीला विचारलंस का? तिच्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होतो. म्हणजे हे १८,००० फेब्रुवारीत लाटलेल्या पोळ्यांचे. त्या पोळ्या फेब्रुवारीत विकल्या गेल्या, त्यांचे पैसे फेब्रुवारीच्या विक्रीत आले. मार्चच्या विक्रीतून हा पगार वजा करणं म्हणजे एका महिन्याच्या पोळ्यांचं बिल दुसऱ्या महिन्याच्या गिऱ्हाइकांवर टाकणं. मार्चमध्ये मामीनं थोडे दिवस एक बाई जास्त लावली होती, म्हणून मार्चचा पगार १९,५०० झाला. तो ७ एप्रिलला दिला गेला. मार्चचा खर्च १९,५००, मार्चचं शोधन १८,०००.

इथे वर्गात नेहमी एक जण म्हणतो, "सर, दर महिन्याला एक पगार जातोच, मग कुठला का धरेना?" महिन्यामागून महिने सारखेच असते तर त्याचं म्हणणं चाललं असतं. पण केंद्र सुरू झालं तो पहिला महिना आठव. त्या महिन्यात बायकांनी महिनाभर काम केलं आणि पगार दिला शून्य, कारण तो पुढच्या सात तारखेला द्यायचा होता. पैसे दिले तोच खर्च मानला, तर त्या महिन्यात पोळ्या फुकट लाटल्या गेल्या असं दिसेल आणि मामीला वाटेल की धंदा फारच जोरात आहे.

विजेचं बिल अगदी याच जातीचं. मार्चमध्ये भरलेले २,६०० फेब्रुवारीत जाळलेल्या विजेचे. मार्चचं बिल एप्रिलमध्ये येणार. मग ३१ मार्चला रक्कम कुठून आणायची? मीटरवरून. महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी आणि शेवटच्या दिवशी रात्री मीटरचा फोटो काढून ठेवायचा. तुझ्या मामेभावानं योगायोगानं दोन्ही फोटो काढले होते, वापर निघाला २९० युनिट. आधीच्या बिलात सगळे आकार धरून युनिटला सरासरी १० रुपये पडले होते, म्हणून अंदाज २,९००. एप्रिलमध्ये बिल २,९६० चं आलं तर वरचे ६० रुपये एप्रिलच्या खर्चात टाकायचे आणि पुढे चालायचं. त्यासाठी मार्चची वही पुन्हा उघडायची नाही. बिल हातात नाही म्हणून खर्च शून्य लिहिणं ही २,९०० ची चूक. अंदाज लिहिणं ही ६० ची.

विमा उलट्या दिशेचा आहे. १ मार्चला वर्षभराचा हप्ता भरला ६,०००, संरक्षण २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. मार्चअखेर बारापैकी एकच महिना सरला. खर्च ५००. उरलेले ५,५०० हे पूर्वदत्त खर्च. नावात 'खर्च' आहे म्हणून बिचकू नकोस, ३१ मार्चच्या ताळेबंदात ते मालमत्तेच्या बाजूला बसतात, कारण विमा कंपनीकडून अकरा महिन्यांचं संरक्षण घेणं बाकी आहे. महिने मोजताना बोटं वापर, लाजू नकोस. परीक्षेत इथे गुण जातात ते भागाकारामुळे नव्हे, सुरुवातीचा महिना मोजायचा राहतो म्हणून.

गॅसचे चार व्यावसायिक सिलिंडर मामीनं आणले, १,८०० प्रमाणे ७,२००. महिनाअखेर एक सीलबंद उभा आहे, महिन्याच्या सुरुवातीला भरलेला एकही नव्हता. म्हणून खर्च तीन सिलिंडरांचा, ५,४००. चुलीला लावलेल्या सिलिंडरमध्ये अर्धा गॅस उरला असेल, तो मी सोडून दिला. सुरुवातीलाही असाच एक अर्धवट होता. एवढ्या बारकाईत शिरून हाती काही लागत नाही.

आता डीप फ्रीजर, तुझ्या तोट्याचा खरा मालक. १ मार्चला घेतला, टेम्पोचं भाडं आणि स्टॅबिलायझर धरून ३६,०००. हे सगळे पैसे मार्चमध्ये गेले हे खरं, पण फ्रीजर मार्चमध्ये संपला का? तो पाच वर्षं चालेल असं मामी म्हणते आणि शेवटी भंगारात काही यायचं नाही असं धरू. पाच वर्षांचे ६० महिने, म्हणजे महिन्याला ६०० रुपयांचा फ्रीजर झिजतो. तो घसारा. मार्चचा खर्च ६००, आणि ३५,४०० चा फ्रीजर कोपऱ्यात घुरघुरतोय. तू ३६,००० एकदम मार्चवर टाकलेस, तर एप्रिलपासून पुढचे ५९ महिने फ्रीजर फुकट चालणार. जागामालकाला दिलेलं डिपॉझिट तू खर्चात धरलं नाहीस, कारण ते परत मिळणार हे तुला माहीत होतं. फ्रीजर परत मिळत नाही म्हणून तू त्याला खर्च म्हणालीस. पण विचारायचं ते हेच की तो किती वापरला गेला.

कर्जाचा हप्ता ५,०००. हा मोठ्या माणसांनाही फसवतो. मामीवर १ मार्चला १,४०,००० चं कर्ज होतं, व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का. मार्चचं व्याज १,४००. बाकीचे ३,६०० मुद्दलात गेले. दुसऱ्याचे पैसे वापरल्याचं भाडं ते व्याज, तो खर्च. मुद्दल परत करणं खर्च असूच शकत नाही. कर्ज घेतलं त्या दिवशी आलेले पैसे तू उत्पन्नात धरले नव्हतेस, मग जाताना खर्चात कसे धरशील? गंमत पाहा, एप्रिलमध्ये कर्ज १,३६,४०० राहतं, व्याज १,३६४ होतं. हप्ता तोच ५,०००, पण खर्च दर महिन्याला थोडा कमी. बँकेच्या कर्ज-उताऱ्यात ही फोड दिलेली असते, तो मागून घे. हप्त्यावरून अंदाजानं फोडू नकोस.

मामेभावाच्या क्लासची फी ८,००० तू 'शैक्षणिक खर्च' म्हणून लिहिलीस. तो क्लासला जातो म्हणून पोळ्या जास्त खपत नाहीत. ही मामीची उचल. भांडवलातून वजा होईल, नफ्यातून नाही.

किराणा मुद्दाम शेवटी ठेवला. त्यात दोन गाठी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी सुटत नाहीत. १० मार्चला घाऊक दुकानदाराला २२,००० दिले, ते फेब्रुवारीच्या मालाचे. ती धनकोची फेड झाली, पगारासारखीच. ही पहिली गाठ. मग मार्चमध्ये उधारीवर २६,००० चा माल आला. तुझं मन म्हणेल, "ठीक, मग मार्चचा खर्च २६,०००." थांब. आणलेला माल आणि वापरलेला माल एक नव्हे. १ मार्चला फळीवर ४,००० ची कणीक, तेल, डाळ होती. ३१ मार्चला ६,५०० ची आहे. म्हणून वापरलं ते ४,००० अधिक २६,००० वजा ६,५००, बरोबर २३,५००. एकाच किराण्याचे तीन आकडे झाले: पैसे दिले २२,०००, माल आला २६,०००, माल वापरला २३,५००. नफ्याला हवा तो तिसरा. त्यासाठी महिन्याच्या शेवटच्या रात्री डबे उघडून, वजन करून लिहून ठेवावं लागतं. दुसरी वाट नाही. मामी कंटाळेल, तिला सांग की सरांनी सांगितलंय.

आता सगळं शेजारी शेजारी मांडतो.

| बाब | मार्चमध्ये दिले | मार्चचा खर्च |
|---|---|---|
| भाडं | ९,००० | ९,००० |
| भाजी | २१,००० | २१,००० |
| पगार | १८,००० | १९,५०० |
| वीज | २,६०० | २,९०० |
| विमा | ६,००० | ५०० |
| गॅस | ७,२०० | ५,४०० |
| डीप फ्रीजर | ३६,००० | ६०० |
| कर्जाचा हप्ता | ५,००० | १,४०० |
| क्लासची फी | ८,००० | – |
| किराणा | २२,००० | २३,५०० |
| एकूण | १,३४,८०० | ८३,८०० |

विक्रीतून पहिली बेरीज वजा केलीस की २४,८०० नं उणे येतं. दुसरी वजा केलीस की २६,२०० उरतात. त्या २६,२०० त मामीची स्वतःची मेहनत धरलेली नाही, तिनं पगार घेतला नाही. ते तिला सांगायला विसरू नकोस.

दुसरी पायरी बहुतेकांकडून राहून जाते. वरचं कोष्टक आपण शोधनाच्या यादीवरून भरलं. पण ज्याचं शोधन मार्चमध्ये झालंच नाही असा खर्च त्या यादीत सापडणारच नाही. पगाराचं निदान जुनं शोधन होतं, म्हणून आठवण झाली. समज मार्चमध्ये मिक्सर दुरुस्त करून घेतला आणि कारागीर म्हणाला, "पैसे पुढच्या महिन्यात द्या, ताई," तर त्याचा मागमूस तुझ्या बँक-उताऱ्यात नसेल. म्हणून महिनाअखेर यादी बाजूला ठेवून केंद्रात एक चक्कर मार. इथे कोण कोण काम करून गेलं? कुठल्या वस्तू उधारीनं आल्या? कुठलं मीटर फिरतंय? मग पुढच्या महिन्याच्या पंधरा दिवसांतली शोधनं आणि आलेली बिलं चाळ आणि प्रत्येकाला विचार, 'तू मार्चचा आहेस का?' दडलेले खर्च बहुधा तिथेच सापडतात. मामीच्या बाबतीत मी विचारलं, असं दुसरं काही निघालं नाही.

तिसरी पायरी नोंदींची. ३१ मार्चला पगाराची समायोजन नोंद अशी:

वेतन खाते … नावे १९,५००
    अदत्त वेतन खात्याला १९,५००
(मार्चचे वेतन देणे बाकी)

या नोंदीत रोख नाही, बँक नाही. खर्च जन्मला आणि त्याच्यासोबत देणं जन्मलं. मग ७ एप्रिलला पैसे दिल्यावर:

अदत्त वेतन खाते … नावे १९,५००
    बँक खात्याला १९,५००
(मार्चचे अदत्त वेतन दिले)

या दुसऱ्या नोंदीत वेतन खातं नाही. तिथेच बोट ठेवून वाच. पैसे देताना खर्च होत नाही, देणं संपतं. विम्याचं उलट: १ मार्चला पूर्वदत्त विमा खाते नावे ६,०००, बँक खात्याला, आणि दर महिनाअखेर विमा खाते नावे ५००, पूर्वदत्त विमा खात्याला. तिथे पैसे आधी, खर्च मागाहून.

पगाराच्या या दुसऱ्या नोंदीनं मलाही एकदा अद्दल घडवली आहे. शिकवायला लागण्याआधी मी एका छोट्या वर्कशॉपचे हिशोब लिहायचो. मार्चअखेर अदत्त पगाराची नोंद अगदी पुस्तकाप्रमाणे केली आणि एप्रिलमध्ये पगार वाटल्यावर सवयीनं पुन्हा वेतन खातं नावे केलं. एकच पगार दोनदा खर्चात पडला. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, जुळली, कारण दोन्ही नोंदींच्या दोन्ही बाजू बरोबर होत्या. तेरीज जुळणं म्हणजे हिशोब बरोबर असणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. पकडलं मालकानं, तेही जूनमध्ये. "मला पगाराचं देणं अजून कसं दाखवतोस? मी तर एप्रिलमध्येच दिलाय," असं त्यानं विचारलं.

टॅलीवर बसशील तेव्हा हीच चूक आणखी सहज होते. F5 म्हणजे पेमेंट व्हाउचर, आणि त्यात वेतनाचं लेजर निवडलं की खर्च आणि शोधन एका फटक्यात नोंदवलं जातं. भाड्यासाठी ते बरोबर आहे. पगारासाठी महिनाअखेर F7 म्हणजे जर्नलमध्ये खर्च नोंदव, आणि पुढच्या महिन्यात F5 मध्ये अदत्त वेतनाचं लेजर निवड. मशीन तुला अडवणार नाही, त्याला पगार कुठल्या महिन्याचा ते माहीत नसतं.

चूक झालीय का हे ओळखायला मी दोन गोष्टी बघतो. अदत्त वेतन खातं ७ एप्रिलच्या संध्याकाळी शून्यावर आलं पाहिजे. तिथे जुनी रक्कम अडकून बसली असेल तर एप्रिलमध्ये खर्च दोनदा लिहिला गेलाय. आणि वर्षाअखेर भाडं, पगार, वीज यांचे महिने मोजतो. प्रत्येकाचे बारा भरले पाहिजेत. अकरा भरले तर शेवटचा अदत्त राहिला, तेरा भरले तर मागच्या वर्षीचा घुसला. हे मोजायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

मामी तुला एक प्रश्न विचारणारच, आणि तो चांगला प्रश्न आहे: "नफा २६,२०० झाला म्हणतेस, मग बँकेतले पैसे २४,८०० नं कमी कसे झाले?" दोन्हींत ५१,००० चं अंतर आहे, आणि ते एकेक रुपया दाखवता येतं. फ्रीजरमध्ये ३५,४०० उभे आहेत, विम्यात ५,५००, सीलबंद सिलिंडरमध्ये १,८००. कर्ज ३,६०० नं उतरलं. ८,००० घरी गेले. बेरीज ५४,३००. त्यातून ३,३०० वजा कर, कारण पगारात १,५००, किराण्यात १,५०० आणि विजेत ३०० असा मार्चचा खर्च दिलेल्या पैशांपेक्षा जास्त होता. राहिले ५१,०००. तिचे पैसे कुठे हरवले नाहीत, त्यांनी रूप बदललं.

यावरून शोधनाची यादी फेकून दे असं मी म्हणत नाही. ती वेगळ्या कामाची आहे. ३१ मार्चला मामीच्या डोक्यावर १९,५०० पगाराचे, २६,००० किराण्याचे आणि २,९०० विजेचे, असे ४८,४०० चे देणे आहेत, आणि ते एप्रिलमध्ये द्यायचेत. नफा झाला म्हणून ती आणखी एक फ्रीजर घेऊन बसली तर सात तारखेला पगाराला पैसे नसतील. नफ्यात चाललेले धंदे पैशांअभावी अडतात ते असेच. तिला दोन कागद दे: एकावर महिन्याचा नफा, दुसऱ्यावर पुढच्या महिन्यात कोणाला किती, कुठल्या तारखेला द्यायचे. एकाच कागदावर दोन्ही लिहायला गेलीस म्हणून तर हे पत्र लिहावं लागलं.

कायद्याचं एवढंच. कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशोब उपार्जन पद्धतीनं, म्हणजे मी सांगितलं तसाच, ठेवावा लागतो. मामीचं केंद्र कंपनी नाही, तिच्यावर ती सक्ती नाही. अनेक डॉक्टर, वकील रोख पद्धतीनं हिशोब ठेवतात आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४५ नं तशी मुभा दिली होती. त्याच कायद्यात कलम ४३ब होतं, त्यात कर, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, बोनस अशा काही ठरावीक रकमांना प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय वजावट मिळत नसे. सरकारनं तिथे खर्चाला शोधनाची अट जोडली, कारण लोक खर्च दाखवून पैसे द्यायचं टाळत. पण ती कराच्या गणिताची अट होती. वहीतला खर्च तेव्हाही वापरावरूनच ठरायचा.

आता एप्रिल तू मांड. १ एप्रिलच्या सुरुवातीच्या शिलकांत किराणा ६,५००, सिलिंडर १,८००, पूर्वदत्त विमा ५,५००, फ्रीजर ३५,४००, आणि वर सांगितलेली तीन देणी उतरवून घे. कर्ज १,३६,४००. मामीकडून ३० एप्रिलच्या मीटरचा फोटो, डब्यांच्या वजनाचा कागद आणि बँकेचा कर्ज-उतारा माग. किराणावाल्याच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लाव, रकमेनुसार नको. आणखी एक: २५ एप्रिलला एका लग्नाच्या ऑर्डरचे ५,००० तिला आगाऊ मिळालेत, लग्न मे महिन्यात आहे. ते एप्रिलच्या विक्रीत धरायचे का, याचं उत्तर कारणासह एका ओळीत लिहून आण. बुधवारी तिसऱ्या तासानंतर मी स्टाफरूममध्ये आहे.

तुझे,
सर